एकच पत्ता, चार रूपं: आयपीव्ही६ मधली शून्यं नेमकी कुठली गाळायची?

अनुजा_ओ

काल अर्धा दिवस एका पत्त्याने खाल्ला, म्हणून हा धागा काढतेय.

आमच्या सर्व्हरवर एक परवानगीची यादी आहे. त्यात ज्यांचे पत्ते आहेत त्यांनाच आत येता येतं. पूर्वी कुणीतरी तिथे एक पत्ता पूर्ण लांबीचा लिहून ठेवलाय. खरा पत्ता इथे देत नाही. `2001:db8` ने सुरू होणारे पत्ते उदाहरणांसाठीच राखून ठेवलेले आहेत, त्यात बसवून देते:

```
2001:0DB8:0000:0000:0A00:0000:0000:00C0
```

या यंत्राला प्रवेश मिळत नाही अशी तक्रार आली. मी हाच पत्ता उचलून लॉगमध्ये `grep` केला, तर एकही ओळ सापडली नाही. झालं, पॅकेट आमच्यापर्यंत येतच नाही असं मी ठरवून टाकलं आणि दोन तास नेटवर्कवाल्यांशी वाद घातला. शेवटी त्यांच्यातल्याच एकाने दाखवलं की लॉगमध्ये पत्ता ढीगभर वेळा आहे, फक्त वेष बदलून. वेब सर्व्हरच्या लॉगमध्ये तो `2001:db8::a00:0:0:c0` असा आहे. जावातल्या ॲप्लिकेशनच्या लॉगमध्ये `2001:db8:0:0:a00:0:0:c0` असा. आणि आमच्या शीटमध्ये एका सहकाऱ्याने `2001:db8:0:0:a00::c0` असा लिहिलाय.

म्हटलं, आता मीच सगळ्यात आटोपशीर रूप तयार करते. `2001:db8::a00::c0` लिहिलं, तर प्रोग्रॅमने ते घेतलंच नाही. म्हणजे तीन रूपं चालतात आणि माझंच चालत नाही! यातलं बरोबर कुठलं, आणि हे ठरवतं कोण?

---

निवांत_नेटकर

सोपं आहे. शून्याला किंमत नाही, म्हणून शून्यं काढायची. डबल कोलन फक्त एकदाच वापरता येतो, तिथे तुमचं चुकलं. पण तुमची बाकीची रूपंही पूर्ण छोटी केलेली नाहीत. `0A00` मधली सगळी शून्यं काढली की `a` उरतो, `00C0` चा `c`. म्हणजे `2001:db8::a:0:0:c` हे सगळ्यात छोटं रूप. हेच वापरा.

---

जुना_खिळा

अनुजाताई, वरचं रूप कृपया यादीत टाकू नका. डबल कोलन एकदाच हे निवांतरावांचं बरोबर आहे, पण शून्यांच्या बाबतीत त्यांनी पत्ताच बदलून टाकलाय.

प्रत्येक गट ही एक संख्या आहे, सोळा बिटांची, हेक्समध्ये लिहिलेली. आपण `007` ला `7` म्हणतो, पण `700` ला `7` म्हणत नाही. इथेही तेच. `0A00` मधलं डावीकडचं शून्य जातं आणि `a00` उरतं. उजवीकडची दोन शून्यं संख्येचा भाग आहेत, ती हलत नाहीत. `a00` म्हणजे दशमानात २५६०, आणि `a` म्हणजे १०. तसंच `00C0` चं `c0` होतं, म्हणजे १९२. `c` केलं तर ते १२ झालं. `2001:db8::a:0:0:c` हा व्याकरणाने अगदी निर्दोष पत्ता आहे, म्हणूनच तो धोकादायक. कुठलाही प्रोग्रॅम तक्रार करणार नाही, फक्त परवानगी भलत्याच यंत्राला जाईल.

आणि चारही शून्यंच असतील तर एक ठेवायचं. `0000` चं `0` होतं, गट रिकामा सोडायचा नाही. रिकामी जागा फक्त डबल कोलनची.

---

निवांत_नेटकर

मान्य, उजवीकडची शून्यं काढायला नको होती. डोक्यात नुसतं "शून्यं काढा" एवढंच राहिलं होतं.

---

अनुजा_ओ

बरं झालं अजून टाकलं नव्हतं. पण डबल कोलन एकदाच का? माझ्या पत्त्यात दोन ठिकाणी शून्यांचे गट आहेत, दोन्हीकडे दोन-दोन. दोन्ही गाळले तर बिघडलं काय?

---

जुना_खिळा

वाचणाऱ्याच्या जागी बसून बघा. त्याच्यासमोर फक्त `2001:db8::a00::c0` आहे, मूळ पत्ता नाही. पत्त्यात आठ गट असतात हे त्याला माहीत आहे. लिहिलेले गट मोजले: `2001`, `db8`, `a00`, `c0`. चार झाले, म्हणजे चार गाळलेत. आता हे चार दोन फटींमध्ये वाटायचे कसे?

```
2001:db8:0:a00:0:0:0:c0
2001:db8:0:0:a00:0:0:c0
2001:db8:0:0:0:a00:0:c0
```

तिन्ही वाटण्या तितक्याच शक्य आहेत आणि हे तीन निरनिराळे पत्ते आहेत. तुमच्या मनात मधला होता, पण ते लिहिलेल्या मजकुरातून कळायला मार्ग नाही. फट एकच असेल तर वाटणीचा प्रश्नच उरत नाही. आठातून लिहिलेले गट वजा करा, जे उरतं तेवढी शून्यं त्या फटीत.

हीच वजाबाकी उलगडतानाही वापरायची. `2001:db8::a00:0:0:c0` मध्ये सहा गट लिहिलेत, म्हणून फटीत दोन. `2001:db8:0:0:a00::c0` मध्येही सहा, फटीत दोन, फक्त फट दुसरीकडे. उलगडून बघा, दोन्ही एकच निघतात. जावातल्या रूपात फटच नाही, आठही गट लिहिलेत. म्हणजे तुमची तिन्ही रूपं बरोबर वाचली जातात. तुमच्या `grep` ला मात्र अर्थ कळत नाही, त्याला फक्त अक्षरं दिसतात.

---

बिनधास्त_बाइट

मध्येच विचारतो. माझ्याकडे नेट हळू चालतं. आयपीव्ही६ पत्ता असा छोटा केला तर पॅकेट लहान होऊन वेग वाढेल का? राउटरच्या पानावर लांबलचक पत्ता दिसतो.

---

सई_डेटाबेस

बिनधास्त, नाही. हे सगळं माणसाला वाचता यावं म्हणून. पॅकेटमध्ये कोलनही नसतात आणि `a` `b` `c` ही नसतात. पत्ता नेहमी १२८ बिट, म्हणजे १६ बाइट. `::` असा लिहिलेला, नुसत्या शून्यांचा पत्तासुद्धा तिथे १६ बाइटच घेतो. तुमच्या वेगाचं कारण दुसरं असणार, त्याला वेगळा धागा काढा.

अनुजा, तुझी गोष्ट वाचून माझी जुनी जखम आठवली. आमच्याकडे तक्रारी आलेले पत्ते अडवण्यासाठी एक टेबल होतं. पत्त्याचा रकाना मजकुराचा, लांबी ३९. हिशोब बरोबर होता: ३२ हेक्स अंक आणि ७ कोलन. रकान्यावर युनिक की पण होती, त्यामुळे एक पत्ता दोनदा येणार नाही अशी खात्री. प्रत्यक्षात एकच पत्ता तीन-तीन वेळा बसला होता, कारण तो तीन रूपांत आला होता. डेटाबेसच्या दृष्टीने तीन वेगळे मजकूर. एकाने एक ओळ काढून पत्ता "मोकळा" केला, तरी तो अडकलेलाच, कारण दुसरी ओळ जिवंत होती. हे आम्हाला महिनाभराने कळलं. आणि एक दिवस `fe80::1%eth0` असा शेपटीवाला पत्ता आला. लिंक-लोकल पत्त्यामागे इंटरफेसचं नाव येऊ शकतं, ते आमच्या कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

---

अनुजा_ओ

सई, अगदी हेच. पण मग माझा मूळ प्रश्न उरतोच. तिन्ही बरोबर असतील तर *लिहायचं* कुठलं?

---

जुना_खिळा

याला उत्तर आहे, पण ते उशिरा आलं. २००६ च्या आरएफसी ४२९१ मध्ये पत्ते लिहायची पद्धत आहे, आणि ती बरीच सैल आहे. डावीकडची शून्यं काढली तरी चालेल, नाही काढली तरी चालेल. डबल कोलन हवा तर वापरा. मोठी अक्षरं, छोटी अक्षरं, काहीही. तुम्ही काल जे भोगलंत ते या सैलपणाचंच फळ. ऑगस्ट २०१० मध्ये आरएफसी ५९५२ आला. त्याने वाचायचे नियम तसेच ठेवले आणि लिहायचं एकच रूप सुचवलं.

तुमच्या पत्त्यावर ते लावू. आधी सगळी अक्षरं छोटी. मग प्रत्येक गटातली डावीकडची शून्यं काढायची, इथे "हवी तर" नाही, काढायचीच. हाताशी आलं `2001:db8:0:0:a00:0:0:c0`. जावा तुम्हाला इथपर्यंत आणून थांबतो. आता सलग शून्य-गटांची सर्वांत लांब रांग शोधायची आणि ती अख्खी डबल कोलनने गाळायची. अर्धवट गाळायची नाही. म्हणजे `2001:db8::0:a00:0:0:c0` वाचता येईल, पण लिहायचं नाही. तुमच्या पत्त्यात दोन रांगा आहेत आणि दोन्ही दोन-दोन गटांच्या. बरोबरी झाली की डावीकडची पहिली रांग गाळायची. म्हणून:

```
2001:db8::a00:0:0:c0
```

तुमच्या वेब सर्व्हरने हेच लिहिलंय. सहकाऱ्याने दुसरी रांग गाळली. पत्ता तोच, पण रूप नियमाचं नाही.

रांगा असमान असत्या तर जागा बघायची नाही, लांबी बघायची. `2001:0:0:a00:0:0:0:c0` मध्ये पहिली रांग दोनची, दुसरी तीनची. तिथे दुसरी जाते: `2001:0:0:a00::c0`. लोक सवयीने पहिली गाळतात आणि `2001::a00:0:0:0:c0` लिहितात. ते वाचलं जातं, पण शोधताना हुकतं.

---

निवांत_नेटकर

आता हे तरी मला पक्कं माहीत आहे: एकच शून्य-गट असेल तर डबल कोलन वापरणं अवैध आहे. `2001:db8::1:1:1:1:1` असं कुणी दिलं तर प्रोग्रॅमने ते नाकारलं पाहिजे. मी आमच्या फॉर्मच्या तपासणीत तसं टाकलंय.

---

जुना_खिळा

निवांतराव, परत निम्मं. *लिहू नये* हे खरं. एका गटासाठी डबल कोलन वापरायचा नाही, `2001:db8:0:1:1:1:1:1` असंच लिहायचं, हे ५९५२ स्पष्ट सांगतो. पण *नाकारा* असं तो म्हणत नाही. ४२९१ मध्ये डबल कोलन "एक किंवा अधिक" गटांसाठी आहे, आणि वाचताना तीच व्याख्या चालते. लिहिलेले गट सात, फटीत एक, शंका कुठेही नाही. तुमचा फॉर्म खऱ्या पत्त्यांना दारातून परत पाठवतोय. नाकारायचा असेल तर आठही गट लिहून वर डबल कोलन असलेला पत्ता नाकारा, कारण तिथे फटीसाठी काही उरतच नाही.

---

निवांत_नेटकर

आज माझा दिवस नाही. तपासणी काढतो.

---

सई_डेटाबेस

तपासणी हाताने लिहूच नका. रेग्युलर एक्स्प्रेशनने आयपीव्ही६ पकडायला गेलेला माणूस हसत परत आलेला मी पाहिला नाही. पायथनमध्ये हे तयार मिळतं:

```
>>> import ipaddress
>>> a = ipaddress.IPv6Address('2001:0DB8:0000:0000:0A00:0000:0000:00C0')
>>> str(a)
'2001:db8::a00:0:0:c0'
>>> a == ipaddress.IPv6Address('2001:db8:0:0:a00::c0')
True
```

दुसरी तुलना बघ, अनुजा. मजकुराची तुलना केली असती तर `False` आलं असतं. आणि तुझं ते दोन फटींचं रूप दिलंस तर तो कारणासकट सांगतो: `At most one '::' permitted`.

आमच्या टेबलात मी शेवटी मजकूर काढून १६ बाइटचा रकाना केला. दाखवायच्या वेळी मजकूर बनवायचा. दुहेरी नोंदी त्याच दिवशी उघड्या पडल्या.

---

जुना_खिळा

डेटाबेससाठी ठीक. लॉगसाठी मी हे करणार नाही. रात्री दोनला कुणी टर्मिनलवर `grep` करत असेल तर त्याला मजकूरच हवा असतो. लॉगमध्ये ५९५२ चं रूप लिहा, आणि बाहेरून आलेला पत्ता असेल तर तो जसा आला तसाही बाजूला ठेवा.

---

सई_डेटाबेस

दोन्ही ठेवले की कुणीतरी चुकीच्या रकान्यात शोधणारच. आमच्याकडे असंच झालं होतं. मला हे पटत नाही.

---

जुना_खिळा

असू दे, इथे आपलं जमणार नाही. पण समोरच्याने नेमकं काय पाठवलं होतं हे नंतर सिद्ध करायची वेळ माझ्यावर आलेली आहे, आणि तेव्हा माझ्याकडे फक्त आवरून सावरून ठेवलेलं रूप होतं.

---

केबलमामा

चर्चा वाचतोय. माझं जरा वेगळं दुखणं आहे. आम्हाला `2001:db8:0:4a50::/60` हे नेटवर्क दिलंय. फायरवॉलमध्ये लिहिताना मी नियमाप्रमाणे छोटं केलं. एकदा `2001:db8:0:4a5::/60` लिहिलं, कारण /६० म्हणजे शेवटचा अंक तसाही मोकळा. चाललं नाही. मग `2001:db8::4a50/60` लिहिलं. तेही चाललं नाही. चूक दाखवत नाही आणि कामही करत नाही.

---

जुना_खिळा

मामा, तुमच्या दोन्ही चुका या धाग्याच्या मधोमध बसतात.

पहिल्यात तुम्ही उजवीकडचं शून्य काढलंत. /६० म्हणजे पहिले तीन गट आणि चौथ्या गटातले पहिले तीन अंक पक्के: `4a5`. शेवटचा अंक मोकळा हे खरं, पण मोकळा म्हणजे नसलेला नव्हे. `4a5` लिहिलं की वाचणारा डावीकडे शून्य भरतो आणि `04a5` वाचतो. त्यावर ६० बिटांचा मास्क लावला की `2001:db8:0:4a0::/60` उरतं. हे दुसऱ्याच कुणाचं तरी नेटवर्क.

दुसऱ्यात डबल कोलन चुकीच्या बाजूला पडला. `4a50` हा चौथा गट होता. तुम्ही त्याच्या आधी फट ठेवलीत आणि नंतरची काढून टाकलीत, त्यामुळे तो थेट आठवा झाला. मोजून बघा: तीन गट लिहिलेत, म्हणजे मध्ये पाच शून्यं. मास्क आठव्या गटापर्यंत पोहोचतच नाही, तो `4a50` पुसला जातो आणि नियम `2001:db8::/60` ला लागतो. तुमच्या नेटवर्कमधला एकही पत्ता त्यात नाही.

चूक दिसत नाही याचं कारण हेच, की पुष्कळ साधनं मास्कबाहेरचे बिट गुपचूप पुसतात. पायथनचा `ip_network` पुसत नाही, दोन्हींवर `has host bits set` म्हणून अडून बसतो. फायरवॉलमध्ये टाकण्याआधी तिथे एकदा घालून बघा. आणि फायरवॉलला नियम परत दाखवायला सांगा. त्याने काय समजून घेतलं ते त्यात दिसतं, तुम्ही काय टाइप केलंत ते नव्हे.

---

केबलमामा

दाखवायला सांगितलं. `2001:db8::/60` असंच दिसतंय. तीन महिने तो नियम तिथे नुसता बसून आहे.

---

अनुजा_ओ

आज केलेलं सांगते. यादी वाचणाऱ्या कोडमध्ये मजकुराची तुलना होती, ती काढली. आता दोन्ही बाजू आधी पत्ता म्हणून वाचल्या जातात. ते यंत्र लगेच आत आलं. मग यादीतल्या सगळ्या नोंदी ५९५२ च्या रूपात परत लिहिल्या. एक नोंद मात्र कळेना:

```
2001:db8::a00:0:0:c0:443
```

पायथनने ती बिनतक्रार घेतली. पण असं यंत्र आमच्याकडे कुणालाच माहीत नाही.

---

जुना_खिळा

ते `443` बघा. कुणीतरी तुमच्याच पत्त्याला पोर्ट चिकटवलाय, जुन्या आयपीव्ही४ च्या सवयीने. तिथे पत्त्यात कोलन नसतो, म्हणून कोलननंतर पोर्ट चालतो. इथे `443` हे हेक्समध्येही वैध आहे, म्हणून तो आणखी एक गट झाला. लिहिलेले गट सात झाले, फटीत एकच शून्य उरलं आणि पत्ता `2001:db8:0:a00:0:0:c0:443` असा वाचला गेला. नशीब की पोर्ट चार अंकांच्या आतला होता. पाच अंकी असता तर प्रोग्रॅमने निदान ओरडून सांगितलं असतं.

पोर्ट द्यायचा तर पत्ता चौकोनी कंसात: `[2001:db8::a00:0:0:c0]:443`. ब्राउझरमध्येही तसाच.

---

अनुजा_ओ

नशीब म्हणजे कसलं? ओरडला असता तर बरं झालं असतं ना!

---

जुना_खिळा

हो, उलटं बोललो. दुर्दैव म्हणायला हवं होतं.

---

सई_डेटाबेस

अनुजा, ती नोंद आधी कुणी आणि कधी टाकली ते बघ. माझा अंदाज आहे की त्याच माणसाने आणखी टाकल्या असतील.

---

अनुजा_ओ

बघितलं. त्याच दिवशीच्या अकरा आहेत. चारांच्या शेवटी `443`, दोनांच्या शेवटी `8080`. बाकीच्या पाचांत शेवटचा गट `22` आहे, आणि तो पोर्ट आहे की खरंच पत्त्याचा भाग, हे मला नुसतं बघून ठरवता येत नाहीये. त्या यंत्रांच्या मालकांना एकेक करून विचारते.